डिकी चारशे वीस लिटरची, मग बाबागाडी बाहेर का राहिली?

आमची पहिली फसगत कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. लेक आठ महिन्यांची होती आणि सासरी कोल्हापूरला पहिल्यांदाच गाडीने निघालो होतो. नवऱ्याने मोठी बॅग आत टाकली, मधली तिच्या शेजारी सरकवली. मग बाबागाडी उचलून आडवी, उभी, तिरकी धरून पाहिली आणि शेवटी खाली ठेवून वॉचमनकाकांकडे बघितलं. काका म्हणाले, "साहेब, ती टपावर बांधा." टपावर कॅरियर नव्हतं. बाबागाडी मागच्या सीटवर गेली आणि खंबाटकीच्या प्रत्येक वळणाला तिचं एक चाक माझ्या खांद्यात रुतत राहिलं.

गाडी घेताना शोरूममध्ये विक्रेत्याने छातीठोक सांगितलं होतं, "चारशे वीस लिटर आहे मॅडम, सगळं बसतं." तो खोटं बोलत नव्हता. आमच्या सेदानची डिकी खरंच चारशे वीस लिटरची होती आणि सामानही त्याहून कमीच होतं. तरीही बसलं नाही. असं का होतं आणि गाडी बुक करण्याआधी घरच्या घरी ते कसं ओळखायचं, ते इथे क्रमाने लिहिते. आकडे आमच्याच गाडीचे आणि आमच्याच सामानाचे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

आधी, ब्रोशरमधला लिटर म्हणजे काय

डिकीचे लिटर पाणी ओतून मोजत नाहीत. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेची, म्हणजे व्हीडीएची, एक जुनी रीत आहे. आयएसओ ३८३२ या आंतरराष्ट्रीय मानकातही तीच येते. २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ उंच असा एक ठोकळा घ्यायचा. गुणाकार केला की १,००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर १ लिटर. असे ठोकळे डिकीत बसतील तेवढे रचायचे आणि मोजायचे. चारशे वीस बसले तर डिकी चारशे वीस लिटरची.

हा ठोकळा घरातल्या मापात सांगायचा तर बांधकामाच्या विटेपेक्षा लहान. तो चाकाच्या फुगवट्यामागच्या कोनाड्यात जातो, सीटच्या तिरक्या पाठीला पायरी-पायरीने चिकटतो, मागच्या दिव्याच्या आतल्या खळग्यातही बसतो. तुमची मोठी सूटकेस यातलं काहीच करू शकत नाही. ती एकच भलामोठा, न वाकणारा ठोकळा आहे. म्हणजे ब्रोशर सांगतं छोट्या विटा किती मावतील, आणि तुम्हाला हवं असतं चार मोठे खोके मावतील का ते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. ठोकळे कुठपर्यंत रचले? हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये मागच्या काचेखाली एक झाकण असतं, त्याला आपण मागचा ट्रे म्हणतो. आकडा त्या ट्रेपर्यंतचा असू शकतो किंवा थेट छतापर्यंतचा. मागची सीट पाडून मोजलेला आकडा तर आणखीच भरघोस दिसतो. रेनॉ ट्रायबरचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. तिसरी रांग लावलेली असताना तिची डिकी ८४ लिटरची, आणि तीच रांग काढून ठेवली की ६२५. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

पुण्यात सीएनजी घेणारे बरेच, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. ब्रोशरच्या पहिल्या पानावर छापलेला आकडा बहुतेक वेळा पेट्रोल मॉडेलचा असतो. टाटा अल्ट्रोझ पेट्रोलवर ३४५ लिटर सांगते, सीएनजीवर २१०. तिथे निदान दोन छोटे सिलिंडर फळीखाली लपवलेले आहेत, त्यामुळे वर उरलेला तळ सपाट मिळतो. ज्या गाडीत एकच मोठा सिलिंडर मागच्या सीटला पाठ लावून आडवा झोपतो, तिथे उरलेली जागा सिलिंडरच्या पुढे आणि वर अशी तुटक असते आणि सूटकेस नीट बसायला तळच मिळत नाही. सीएनजी घ्यायची असेल तर सीएनजीचीच गाडी उघडून पाहा. "पेट्रोलची डेमो गाडी आहे, तशीच असते" हे ऐकून परत येऊ नका.

पायरी पहिली: सामान घरी मोजा, भरलेलं मोजा

सूटकेसच्या लेबलवर लिहिलेली मापं काही वेळा चाकं न धरता दिलेली असतात. चाकं आणि वरची दांडीची मूठ धरून बॅग तीन-चार सेंटिमीटरने लांब निघते. शिवाय रिकामी बॅग आणि लेकराच्या दुपट्यांनी, लोकरीच्या टोप्यांनी ठासलेली बॅग यांच्या जाडीत फरक पडतो. ज्या बॅगेला वाढवायची चेन असते ती तर सर्रास उघडलेलीच असते. तेव्हा प्रवासाला निघताना भरतो तशी भरा, भिंतीला टेकवा आणि टेपने सगळ्यात फुगीर जागी मोजा.

आमची मोजमापं अशी निघाली. मोठी बॅग ७८ लांब, ५२ रुंद, ३२ जाड. मधली ६८, ४६ आणि २८. विमानात वर ठेवायची छोटी ५५, ३८ आणि २३. बाबागाडी घडी घालून, कडी लावून ८२ लांब, ४८ रुंद आणि ३० जाड. सगळं सेंटिमीटरमध्ये.

प्रत्येकाचा गुणाकार करून हजाराने भागलं की लिटर मिळतात. मोठी १३०, मधली ८८, छोटी ४८, बाबागाडी ११८. एकूण ३८४ लिटर. डिकी ४२० ची. कागदावर छत्तीस लिटर उरतात, वर डब्याची पिशवीही बसेल असं वाटतं.

बाबागाडी मोजताना एक लक्षात ठेवा. ती घडी घातल्यावर चौकोनी खोका होत नाही. चाकं एका बाजूला बाहेर येतात, मूठ दुसऱ्या बाजूला, मधे पोकळी राहते. म्हणून तीन मापं घ्या: जशी आहे तशी, मागची चाकं काढून, आणि पुढचा दांडा किंवा खाण्याचा ट्रे काढून. बऱ्याच बाबागाड्यांची मागची चाकं एक खटका दाबला की निघतात, पण विकत घेऊन वर्ष झालं तरी घरात कुणी तो खटका दाबलेला नसतो. आमचा दाबला तेव्हा जाडी ३० वरून २० वर आली. हे आम्हाला कोल्हापूरहून परत आल्यावर कळलं.

पायरी दुसरी: डिकीची सहा मापं

शोरूमला जाताना टेप, पेन आणि वही न्या. मोबाईलच्या मापाच्या ॲपवर विसंबू नका, काळ्या गालिच्यावर ती चुकतात. नवऱ्याला गाडीच्या इंजिनात रस असतो, त्याला तिकडे रमू द्या आणि तुम्ही मागे वाका.

मापं घेण्याआधी मागची सीट नेहमी बसता त्याच स्थितीत आहे ना ते बघा. काही गाड्यांत मागची पाठ दोन टप्प्यांत मागे झुकते. शोरूममध्ये ती सरळ उभी ठेवलेली असते, त्यामुळे डिकी ऐसपैस दिसते. सासूबाई मागे बसून पाठ झुकवणार असतील तर झुकवूनच मोजा.

पहिलं माप तळाची खोली, म्हणजे मागच्या उंबऱ्याच्या आतल्या कडेपासून सीटपर्यंत, तळाला टेप टेकवून. दुसरं तीच खोली वर, सीटच्या पाठीच्या वरच्या कडेला. ही दुसरी खोली नेहमी कमी भरते, कारण पाठ डिकीकडे झुकलेली असते. आमच्या गाडीत तळाला ९८ आहे आणि वर ७४. चोवीस सेंटिमीटरचा फरक! विटांना याची पर्वा नसते, सूटकेसला असते. तिचा वरचा कोपरा आधी पाठीला टेकतो आणि खाली एक तिकोनी पोकळी राहून जाते.

तिसरं माप दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी, जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे. आमच्याकडे १००. फुगवट्यांच्या मागे दोन्हीकडे कोनाडे आहेत, पण तिथे सूटकेस जात नाही म्हणून ते या मापात धरायचे नाहीत. चौथं माप उंची. सेदानमध्ये झाकण बंद असताना आतून किती उरते ते उघड्या झाकणाने नीट कळत नाही, म्हणून मागच्या सीटच्या वरच्या फळीच्या खालपासून तळापर्यंत मोजा. आमची ४७. एसयूव्हीत ट्रेच्या खालपर्यंत एक आणि सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपर्यंत एक, अशा दोन उंच्या घ्या. पाचवं माप तोंडाचं: रुंदी आणि उंची दोन्ही. आत जागा असून तोंडातून वस्तू जात नाही असं सेदानमध्ये होतं.

सहावं म्हणजे माप नव्हे, निरीक्षण. सेदानचं झाकण बंद करताना बिजागरीचे वाकडे दांडे आत कुठे उतरतात ते पाहा. स्वस्त गाड्यांत ते थेट सामानाच्या जागेत येतात, चांगल्या गाड्यांत बाजूच्या खाचेत जातात. एसयूव्हीत त्याऐवजी मागची काच किती तिरकी आहे ते बघा. बाहेरून जितकी झोकदार, आतून तितकी जागा खाणारी.

पायरी तिसरी: फरशीवर मांडून बघा

हे मला फार आवडतं, कारण यात गणित जवळजवळ नाही. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये फरशा बहुधा ६० बाय ६० सेंटिमीटरच्या असतात, तुमच्या एकदा मोजून खात्री करा. त्या आयत्या आलेखाच्या कागदासारख्या वापरता येतात. हॉलमध्ये खडूने १०० रुंद आणि ९८ खोल असा चौकोन आखा. एका बाजूची कड सीट माना. आता खऱ्या बॅगा आणून त्यात ठेवा.

सीटचा तिरकेपणा विसरू नका. त्यासाठी सोपा हिशेब: ४७ उंचीवर पाठ २४ पुढे येते, म्हणजे उंचीच्या साधारण निम्मी. ३२ जाडीची बॅग आडवी ठेवली तर ती सीटच्या कडेपासून १६ सोडून सुरू होईल. २८ जाडीची १४ सोडून. तुमच्या गाडीचं प्रमाण वेगळं असेल, पण काढायची रीत हीच.

आमच्या हॉलमध्ये काय झालं ते सांगते. मोठी बॅग आडवी, रुंदीच्या दिशेने ठेवली तर सीटपासून १६ सोडून ५२ गेले, मागे ३० उरले. त्यात मधली बॅग झोपवायला ४६ लागतात. ती कडेवर उभी केली तर जाडी २८ च लागते, पण मग उंची ४६ आणि वर झाकणाखाली ४७. झाकण मागच्या बाजूला थोडं खाली उतरतं, तिथे एवढे मिळत नाहीत. रद्द.

मग दोन्ही बॅगा लांबीच्या दिशेने, शेजारी शेजारी ठेवल्या, मागच्या उंबऱ्याकडून सीटकडे. मोठीची रुंदी ५२, मधलीची ४६, मिळून ९८. फुगवट्यांमध्ये १००. बसल्या! खोलीत मोठीला १६ आणि ७८ मिळून ९४ लागतात, ९८ मध्ये तेही बसतं. आणि इथेच सगळं संपलं. मोठीच्या वर १५ सेंटिमीटरची फट राहिली, मधलीच्या वर १९ ची. छोटी बॅग २३ जाड, ती दोन्हीकडे वर येते. बाबागाडी ३० जाड. म्हणजे डिकीत २१८ लिटर सामान गेलं, दोनशे लिटर मोकळे राहिले, आणि त्या दोनशेत ४८ लिटरची बॅगसुद्धा बसेना.

ते दोनशे लिटर कुठे आहेत हे आता डोळ्यांना दिसतं. बॅगांवरच्या दोन सपाट फटी, सीटच्या पाठीखालची तिकोनी पोकळी आणि फुगवट्यांमागचे कोनाडे. कडक वस्तूला यातली एकही जागा उपयोगाची नाही. मऊ वस्तूला सगळ्या उपयोगाच्या आहेत.

पायरी चौथी: सामान बदला, गाडी नंतर

आमचा तोडगा तीन छोट्या बदलांत निघाला, गाडी तीच राहिली.

पहिला बदल, छोटी कडक बॅग घरी ठेवली. तिच्यातले कपडे दोन कापडी पिशव्यांत भरले आणि मोठ्या बॅगेवरच्या फटीत पसरून ठेवले. ती फट १५ उंच, ५२ रुंद आणि ७० च्या आसपास खोल, म्हणजे पन्नास-पंचावन्न लिटर. ४८ लिटरच्या बॅगेतलं सगळं तिच्यात मावलं. डायपरचं पाकीट तिकोनी पोकळीत गेलं. माझी आई पूर्वी एसटीने जाताना सगळं पिशव्यांतच भरायची आणि आम्ही सूटकेसचा हट्ट धरायचो, ते आठवलं.

दुसरा बदल बाबागाडीचा. नणंदेकडे तीन घड्यांची, विमानात नेता येते तसली एक आहे. घडी घातल्यावर ५२, ४४ आणि १८. लिटरमध्ये ४१, म्हणजे आमचीच्या जवळजवळ तिप्पट लहान. पण लिटर इथेही दुय्यम आहेत. महत्त्वाचं ते १८, कारण मधल्या बॅगेवर १९ ची फट आहे. आम्ही ती मागून घेतली. गाडी पाहताना पन्नास लिटर जास्तीच्या डिकीसाठी लोक वरचं मॉडेल घेतात. बाबागाडीची घडी बदलणं त्याहून खूप स्वस्तात पडतं आणि फरक जास्त पडतो.

मोठीच बाबागाडी हवी असेल तर मोठी बॅग सोडावी लागते. बाबागाडी ४८ रुंद, मधली बॅग ४६, दोन्ही लांबीने शेजारी बसतात. खोलीत बाबागाडीला तिरकेपणासह ९७ लागतात, म्हणजे एक सेंटिमीटर सुटतो. मोठ्या बॅगेतलं सामान मऊ पिशव्यांत घालून वर आणि बाबागाडीच्या चाकांमधल्या पोकळीत कोंबायचं. मी म्हटलं ना, बाबागाडीचे ११८ लिटर हा नुसता भोवतीचा खोका आहे. आतलं लोखंड आणि कापड थोडंच असतं. दुपटी, चादरी, मऊ खेळणी त्यात छान राहतात.

तिसरा बदल म्हणजे भरण्याचा क्रम. वाटेत लागते ती बाबागाडी सगळ्यात शेवटी आत आणि सगळ्यात आधी बाहेर. साताऱ्याला चहाला थांबल्यावर मोठी बॅग रस्त्यावर काढून ठेवायची वेळ येऊ नये.

पायरी पाचवी: झाकण लावण्याआधी कणकेचा गोळा

एक सेंटिमीटरचा खेळ असला की झाकण जोरात आपटून बघायचा मोह होतो. तसं करू नका. सूटकेसचं कवच तडकतं, नाही तर झाकणाच्या आतलं अस्तर फाटतं, आणि एसयूव्हीत तर काचेला धोका. त्याऐवजी लिंबाएवढा कणकेचा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि सगळ्यात उंच वस्तूवर ठेवा. आमच्याकडे तो बाबागाडीच्या पाठीवर ठेवला. झाकण हाताने हळूहळू खाली आणा, टेकलं की थोडं दाबा, पुन्हा उघडा. गोळा चपटा होऊन जेवढा जाड उरला, तेवढी तिथे मोकळी जागा. आमचा जेमतेम बोटभर उरला. चालतं. कागदासारखा पातळ झाला असता तर खाली एक पिशवी काढली असती. बिजागरीच्या दांड्यांखालीही एकेक गोळा ठेवून बघा, कारण तिथे काय चिरडतं ते बाहेरून दिसतच नाही.

शोरूममध्ये बॅगा न्यायला संकोच वाटत असेल तर किराणा दुकानातून खोके आणा, पुठ्ठा कापून तुमच्या मोठ्या बॅगेच्या मापाचा खोका चिकटवा आणि चपटा करून काखेत घालून न्या. पण बाबागाडी मात्र खरीच न्या. तिचा विचित्र आकार पुठ्ठ्यात उतरत नाही. मूल सोबत असेल तर ती तशीही नेलीच जाते, कुणी काही विचारत नाही.

लहान आकडा, जास्त बॅगा

मैत्रिणीची छोटी एसयूव्ही आहे, बाणेरला राहते. तिचा आकडा ट्रेपर्यंत ३३० च्या आसपास, म्हणजे आमच्यापेक्षा नव्वद लिटर कमी. तोच चार वस्तूंचा ढीग तिच्याकडे नेला. तळाची खोली फक्त ७२ होती, पण सीटची पाठ बरीच सरळ आणि रुंदी १०२. मागचा ट्रे काढून घरी ठेवला. मोठी बॅग आडवी तळाला, तिच्या शेजारी उरलेल्या २४ मध्ये छोटी कडेवर उभी, आणि मोठीच्या डोक्यावर मधली. मोठीचे ३२ आणि मधलीचे २८ मिळून ६०, बरोबर सीटच्या पाठीच्या उंचीला. आमच्या ४२० लिटरमध्ये दोन कडक बॅगा गेल्या होत्या, तिच्या ३३० मध्ये तीन गेल्या.

बाबागाडी मात्र तिच्याकडेही बाहेर राहिली, मोठीसुद्धा आणि घडीची छोटीसुद्धा. छोटी शेवटी मागच्या सीटपुढे पायाशी गेली. तिथे कुणी बसणार असतं तर तेही जमलं नसतं.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. एसयूव्हीत छतापर्यंत जागा दिसते म्हणून ती भरायची नसते. सीटच्या पाठीच्या वर ठेवलेली वस्तू करकचून ब्रेक लागला की पुढे येते, आणि मागच्या सीटवर लेकरू असतं. मागची काच झाकली जाते ते वेगळंच. ढीग पाठीच्या उंचीला थांबवा. जड बॅग नेहमी तळाला, सीटला टेकवून.

मागची सीट पाडायचा विचार असेल तर

६०:४० मध्ये दुभंगणारी सीट असली की बाबागाडीचा प्रश्न सुटला असं वाटतं. सुटतोही, पण लेकराची कारसीट कुठल्या बाजूला बसते त्यावर. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे येतो, म्हणून कारसीट डावीकडे लावणं सोयीचं. पडणारा लहान भागही नेमका डावीकडेच असेल तर कारसीट बसवल्यावर तो पाडता येत नाही आणि मोठा भाग पाडला तर मागे आई बसायला जागा उरत नाही. विक्रेत्याला कुठला भाग किती टक्क्यांचा ते विचारण्यापेक्षा स्वतः खटका ओढून पाडून बघा. पाडल्यावर तळ सपाट होतो की मधे पायरी येते तेही बघा. पायरीवर बाबागाडी डुगडुगते आणि वाटभर खडखडते. सेदानमध्ये तर पुष्कळदा सीट पडतच नाही.

येताना

कोल्हापूरहून परत येताना सामान वाढतं. जाताना कणकेचा गोळा बोटभर उरला होता, येताना सासूबाईंनी गुळाची ढेप, मसाल्याची बरणी आणि तांदळाची पाच किलोची पिशवी दिली. मोठ्या बॅगेवर आता बोटही जात नव्हतं. मग ढेप उजव्या फुगवट्यामागच्या कोनाड्यात बसवली, तांदूळ डाव्या कोनाड्यात, आणि बरणी तिकोनी पोकळीत डायपरच्या उरलेल्या पाकिटात गुंडाळून. झाकण लागलं. बाबागाडी वर, हाताशी. साताऱ्याला थांबलो तेव्हा ती एका हाताने बाहेर निघाली.